हस्त-बाहू कंपन

हस्त-बाहू कंपन म्हणजे विजेवर किंवा दाबाच्या हवेवर चालणाऱ्या हत्यारांतून कामगाराच्या तळहातात शिरणारे आणि मनगट, कोपर व खांद्याच्या दिशेने जाणारे कंपन होय. रोज आणि वर्षानुवर्षे हे कंपन सोसावे लागल्यास बोटांतील बारीक रक्तवाहिन्या, मज्जातंतू, तसेच हाताचे स्नायू व सांधे यांना इजा होते. या सर्व विकारांना मिळून हस्त-बाहू कंपन संलक्षण असे म्हणतात. थंडीत बोटे अचानक पांढरी पडणे हा या संलक्षणाचा सर्वांत परिचित भाग असून त्याला कंपनजन्य पांढरे बोट असे नाव आहे.

या विकारावर खात्रीचा उपचार नाही. विशेषतः बोटांची स्पर्शसंवेदना एकदा गेली, की ती सहसा पूर्णपणे परत येत नाही. त्यामुळे दोन गोष्टींना महत्त्व आहे. एक म्हणजे हाताला रोज किती कंपन पोहोचते याचा हिशेब, आणि दुसरी म्हणजे सुरुवातीची लक्षणे वेळीच ओळखणे. या लेखात दोन्ही गोष्टी कोल्हापूरच्या ओतकाम व्यवसायातील फेटलिंगच्या कामाच्या आधारे स्पष्ट केल्या आहेत.

## कोल्हापूरमधील फेटलिंगचे काम

कोल्हापूर हे भारतातील लोखंडी ओतकामाचे एक मोठे केंद्र आहे. शहरातील शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिने व शेतीची यंत्रे बनवण्याच्या निमित्ताने हा व्यवसाय वाढला. पुढे तो शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत पसरला. मोटारी व ट्रॅक्टर यांचे सुटे भाग, पंप, व्हॉल्व्ह अशा वस्तूंची कास्टिंगे येथील फौंड्रींमध्ये तयार होतात.

साच्यातून बाहेर काढलेले कास्टिंग लगेच वापरण्याजोगे नसते. वितळलेले लोखंड ज्या वाटेने साच्यात शिरले त्या रनरचे आणि रायझरचे अवशेष त्याला चिकटलेले असतात. साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे लोखंडाची पातळ कड, म्हणजे फ्लॅश, आलेली असते. काही ठिकाणी वाळूही भाजून घट्ट बसलेली असते. हे सर्व काढून कास्टिंग साफ करण्याच्या कामाला फेटलिंग म्हणतात. त्यासाठी मुख्यतः तीन हत्यारे लागतात. हवेवर चालणाऱ्या चिपिंग हॅमरच्या छन्नीने जाड अवशेष तोडले जातात. हातात धरण्याच्या ग्राइंडरने पृष्ठभाग घासला जातो. लहान कास्टिंग मात्र दोन्ही हातांनी उचलून पेडेस्टल ग्राइंडरच्या फिरत्या चाकाला टेकवले जाते. या शेवटच्या प्रकारात हातात हत्यार नसते, तरीही कास्टिंगमार्फत चाकाचे कंपन हातात उतरते.

अनेक ठिकाणी हे काम नगावर दिले जाते. जितकी कास्टिंगे साफ होतील तितकी मजुरी मिळते. त्यामुळे हाताला पोहोचणारे कंपन घड्याळातील पाळीच्या वेळेपेक्षा नगांच्या संख्येवर अधिक अवलंबून असते. पुढील हिशेबात या गोष्टीचा उपयोग होतो.

## इतिहास

थंडीत बोटे पांढरी पडण्याच्या विकाराचे वर्णन फ्रेंच वैद्य मोरिस रेनो यांनी १८६२ मध्ये केले. हवेवर चालणाऱ्या हत्यारांशी या विकाराचा संबंध १९११ मध्ये इटलीतील जोव्हान्नी लोरिगा यांनी दाखवून दिला. अमेरिकेतील वैद्य ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे चुनखडीचे दगड कोरणाऱ्या कामगारांची पाहणी केली. हे कामगार हवेवरचा हातोडा उजव्या हाताने चालवत आणि छन्नी डाव्या हातात धरत. त्यांच्या डाव्या हाताची बोटे अधिक बिघडलेली आढळली. चिपिंग करणाऱ्या कामगाराचे हात तपासताना छन्नी कोणत्या हातात असते हे आजही म्हणूनच विचारले जाते. ब्रिटनमध्ये कंपनजन्य पांढऱ्या बोटाला १९८५ पासून भरपाईस पात्र व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता मिळाली.

## कंपनाचा हातावर होणारा परिणाम

हत्याराची मूठ सेकंदाला अनेक वेळा पुढे-मागे हलते. ते नीट ताब्यात ठेवण्यासाठी कामगार मूठ आवळून धरतो. पकड जितकी घट्ट, तितके कंपन हातात अधिक जाते आणि बोटांतील रक्तप्रवाहही तितका अडतो.

या धक्क्यांनी बोटांतील बारीक धमन्यांचे आतील अस्तर दुखावते आणि त्यांच्या भिंती जाड होत जातात. थंडी लागल्यावर बोटांतील धमन्या थोड्या आकुंचन पावणे हे सर्वांच्या बाबतीत स्वाभाविक आहे. दुखावलेल्या धमन्या मात्र जवळजवळ पूर्ण मिटतात. रक्त न पोहोचल्याने बोट पांढरे पडते, थोड्या वेळाने निळसर होते आणि रक्त परत येताना लाल होऊन ठणकते.

मज्जातंतूंना होणारी इजा यापेक्षा वेगळी आहे आणि ती स्वतंत्रपणे वाढते. बोटांच्या टोकांच्या त्वचेत स्पर्श व कंपन ओळखणारी सूक्ष्म संवेदी अग्रे असतात. ती आणि त्यांना जोडलेले मज्जातंतू यांची हळूहळू झीज होते. एखाद्या कामगाराला बोटे पांढरी न पडताही बधिरता येऊ शकते, तर दुसऱ्याला बधिरता नसतानाही बोटे पांढरी पडण्याचे झटके येऊ शकतात.

## संपर्क गुण

कंपनाची तीव्रता त्वरणात, म्हणजे मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात मोजतात. मोजण्याची पद्धत आयएसओ ५३४९ या आंतरराष्ट्रीय मानकात दिली आहे. हत्याराच्या मुठीवर संवेदक बसवून तीन दिशांचे कंपन मोजतात आणि त्यांची एकत्रित किंमत काढतात.

हाताला होणारा अपाय तीव्रता आणि वेळ या दोहोंवर अवलंबून असतो. त्यामुळे दिवसभराचे कंपन आठ तासांच्या पाळीवर पसरवले तर त्याची सरासरी तीव्रता किती होईल, हे काढले जाते. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात या दैनिक किमतीसाठी दोन पातळ्या ठरवल्या आहेत. ती २.५ झाली की मालकाने कंपन कमी करण्याचे उपाय सुरू करावेत, आणि ५ च्या वर ती कधीही जाऊ देऊ नये. पहिलीला कृती पातळी आणि दुसरीला मर्यादा पातळी म्हणता येईल.

एका दिवसात अनेक हत्यारे वापरली जात असल्यास ही सरासरी काढणे किचकट होते. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या संस्थेने त्यासाठी सोपी रीत रूढ केली. तिला एक्स्पोजर पॉइंट पद्धत म्हणतात. मराठीत या पॉइंटांना संपर्क गुण म्हणता येईल. सूत्र असे आहे:

संपर्क गुण = २ × त्वरण × त्वरण × तास

या मापाने १०० गुण म्हणजे कृती पातळी आणि ४०० गुण म्हणजे मर्यादा पातळी होते. निरनिराळ्या हत्यारांचे गुण सरळ बेरजेने एकत्र करता येतात.

सूत्रात त्वरणाचा वर्ग आहे, ही बाब निर्णायक ठरते. वेळ दुप्पट झाला तर गुण दुप्पट होतात, परंतु कंपन दुप्पट झाले तर ते चौपट होतात. म्हणून जोरात हादरणारे हत्यार थोडा वेळ जरी वापरले, तरी ते दिवसाच्या हिशेबात मोठा वाटा उचलते.

## एका पाळीचा हिशेब

हिशेबासाठी फेटलिंगच्या एका कामगाराचे कल्पित उदाहरण घेऊ. तो एका पाळीत १२० कास्टिंगे साफ करतो. प्रत्येक नगाला चिपिंग हॅमर १० सेकंद, हातातला ग्राइंडर ७५ सेकंद आणि पेडेस्टल ग्राइंडर ३० सेकंद लागतो. हत्यारांचे कंपन अनुक्रमे १५, ६ आणि ७ मीटर प्रति सेकंद वर्ग धरू.

येथे मोजायचा वेळ म्हणजे हत्यार प्रत्यक्ष चालू असून हातात असलेला वेळ होय. कास्टिंग उचलणे, फिरवणे, चहा, जेवण हे त्यात येत नाही. कामगाराला विचारले तर तो सहज “दिवसभर ग्राइंडर चालवतो” असे सांगतो. म्हणून अंदाजावर न विसंबता काही नगांचा वेळ घड्याळ लावून मोजावा आणि नगांच्या संख्येने गुणावा.

| हत्यार | कंपन | एकूण वेळ | ताशी गुण | पाळीचे गुण |
|---|---|---|---|---|
| चिपिंग हॅमर | १५ | २० मिनिटे | ४५० | १५० |
| हातातला ग्राइंडर | ६ | २ तास ३० मिनिटे | ७२ | १८० |
| पेडेस्टल ग्राइंडर | ७ | १ तास | ९८ | ९८ |
| एकूण | | | | ४२८ |

एकूण ४२८ गुण हे मर्यादा पातळीच्या वर आहेत. हत्यारे चालू असण्याचा एकूण वेळ चार तासांहूनही कमी आहे, तरी ही स्थिती येते. चिपिंग हॅमर ग्राइंडरपेक्षा साडेसात पटींनी कमी वेळ चालला, पण दोहोंच्या गुणांत फारसे अंतर नाही. केवळ चिपिंग केले तर १०० गुण सुमारे १३ मिनिटांत भरतात. याच ग्राइंडरला त्यासाठी सुमारे १ तास २३ मिनिटे लागतात.

हाच हिशेब नगांवर मांडता येतो. ४२८ गुणांना १२० ने भागल्यास प्रत्येक कास्टिंगमागे सुमारे साडेतीन गुण पडतात. त्यानुसार सुमारे २८व्या नगाला कृती पातळी आणि सुमारे ११२व्या नगाला मर्यादा पातळी गाठली जाते. नगावर काम करणाऱ्याला आणि काम वाटणाऱ्या पर्यवेक्षकाला मीटर प्रति सेकंद वर्गापेक्षा हे आकडे अधिक उपयोगी पडतात.

हत्याराची अवस्था हिशेब किती बदलते हेही यातून दिसते. ग्राइंडरचे चाक एका बाजूने झिजले असेल किंवा बेअरिंग ढिले झाले असेल आणि त्यामुळे कंपन ६ वरून ९ वर गेले, तर त्या एकाच हत्याराचे गुण १८० वरून ४०५ होतात. पाळीची बेरीज मग ६५३ वर जाते. नगांची संख्या व वेळ तेवढेच असतात, म्हणून हा फरक हजेरी किंवा उत्पादनाच्या नोंदीत दिसत नाही. ग्राइंडर अधिक हादरू लागला आहे हे प्रथम कामगाराच्या हातालाच कळते.

## गुण कमी करण्याचे मार्ग

सर्वांत परिणामकारक उपाय बहुधा फेटलिंगच्या जागेपासून दूर, साचा तयार करण्याच्या विभागात सापडतो. साच्याचे दोन भाग नीट जुळले की फ्लॅश कमी येते. रायझरची मान अरुंद ठेवली तर हातोड्याच्या एका घावाने तो तुटून पडतो आणि चिपिंगची गरज उरत नाही. वाळूचा दर्जा सांभाळला तर ती कास्टिंगला चिकटून भाजत नाही.

समजा, अशा सुधारणांमुळे दर चार कास्टिंगांपैकी एकालाच चिपिंग लागू लागले. चिपिंगचा वेळ २० वरून ५ मिनिटांवर येईल आणि त्याचे गुण १५० वरून सुमारे ३८ होतील. कंपन कमी करणारी मूठ असलेला आणि समतोल चाकाचा, ४ मीटर प्रति सेकंद वर्ग कंपनाचा ग्राइंडर दिला तर त्याचे गुण ८० होतील. पेडेस्टलचे ९८ तसेच धरले तर बेरीज सुमारे २१६ होते. नगांची संख्या न घटवता गुण निम्म्यावर आले. तरीही ते कृती पातळीच्या वरच आहेत, म्हणून कामाची अदलाबदल व हातांची नियमित तपासणी यांची गरज संपत नाही.

कंपनरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या हातमोज्यांवर या हिशेबात गुण वजा करता येत नाहीत. चिपिंग हॅमरसारख्या हत्यारांचे संथ व जोरकस धक्के असे मोजे फारसे अडवत नाहीत. मोजे फार जाड असले तर पकड अधिक आवळावी लागते. हात उबदार ठेवणे आणि कापण्या-भाजण्यापासून वाचवणे हा त्यांचा खरा उपयोग आहे. हवेवर चालणाऱ्या हत्यारातून बाहेर पडणारी हवा थंड असते. ती बोटांवर येत असेल तर तिचे तोंड दुसरीकडे वळवणे हा लहान पण उपयुक्त बदल आहे.

## सुरुवातीची लक्षणे

या विकाराचे बरेचसे वर्णन युरोप, उत्तर अमेरिका व जपान येथील थंड हवेत झाले आहे. तेथे बोटे पांढरी पडणे हे ठळक लक्षण ठरले आणि विकाराला नावही त्यावरूनच पडले. उष्ण हवामानाच्या प्रदेशांतील पाहण्यांत मात्र बोटे पांढरी पडल्याची उदाहरणे कमी आणि मुंग्या व बधिरता यांची अधिक आढळतात. उष्ण हवेत धमन्यांना मिटण्याचे निमित्त क्वचितच मिळते, परंतु मज्जातंतूंची झीज चालूच राहते. कोल्हापुरात वर्षातील बहुतेक काळ हवा उबदार असते. त्यामुळे येथे बोटे पांढरी पडण्याची वाट पाहणे म्हणजे पहिली सूचना हुकवणे ठरू शकते.

पहिली सूचना बहुधा मुंग्यांची असते. हत्यार खाली ठेवल्यावर काही मिनिटे हात झिणझिणणे हे बहुतेकांना होते. हत्यार ठेवून वीस मिनिटे झाल्यावरही झिणझिण्या थांबत नसतील, किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर ते लक्षण मानावे. त्यानंतर बोटांच्या टोकांची जाण मंदावते. शर्टाचे बटण लावणे, नाणी मोजणे, लहान नट आट्यांवर बसवणे अशा कामांत चूक होऊ लागते. हातातील वस्तू नकळत निसटते. कामगार याचा दोष बहुधा थकव्याला किंवा वयाला देतो आणि ठेका जाईल या भीतीने बोलत नाही.

बोटे पांढरी पडण्याचा झटका बहुधा कारखान्यात येतच नाही. भट्टीजवळची ऊब तो टाळते. तो डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, गावाहून मोटारसायकलवर कामाला येताना, किंवा थंड पाण्याने हात धुताना येण्याची शक्यता अधिक असते. सुरुवातीला एक-दोन बोटांची केवळ टोके पांढरी होतात. पांढरा भाग आणि निरोगी भाग यांच्यामधील सीमा स्पष्ट दिसते. हात गरम झाल्यावर रंग परततो व बोटे ठणकतात. वैद्याकडे पोहोचेपर्यंत काहीच दिसत नसल्याने, झटका आला असताना मोबाइलवर घेतलेले छायाचित्र निदानाला मोठी मदत करते.

## टप्पे आणि निदान

विकाराची तीव्रता सांगण्यासाठी १९८०च्या दशकात ठरलेली स्टॉकहोम श्रेणी वापरतात. तिच्यात रक्तवाहिन्या आणि संवेदना यांचे टप्पे वेगवेगळे, आणि प्रत्येक हाताचे स्वतंत्रपणे नोंदवतात. रक्तवाहिन्यांच्या पहिल्या टप्प्यात केवळ बोटांची टोके अधूनमधून पांढरी होतात. दुसऱ्यात पांढरेपणा मधल्या पेरापर्यंत येतो. तिसऱ्यात बहुतेक बोटांची सर्व पेरे वरचेवर पांढरी पडतात, आणि चौथ्यात बोटांच्या टोकांची त्वचा बिघडू लागते. संवेदनेच्या पहिल्या टप्प्यात बधिरता येते व जाते, दुसऱ्यात स्पर्शाची जाण कमी होते आणि तिसऱ्यात बोटांनी बारीक काम करण्याचे कौशल्य जाते.

पहिल्या टप्प्यातच कंपनाचे काम थांबले तर पांढरे पडण्याचे झटके पुढे कमी होऊ शकतात. धूम्रपान सोडल्यानेही त्याला मदत होते. संवेदनेबाबत एवढी आशा नसते. म्हणून बधिरता टिकू लागण्याआधीच काम बदलणे आवश्यक ठरते.

हीच लक्षणे इतर विकारांतही दिसत असल्याने निदान काळजीपूर्वक करावे लागते. मनगटात मज्जातंतू दबला असेल, तर मुंग्या अंगठा व त्याशेजारच्या बोटांत येतात आणि करंगळी बहुधा सुटते. मधुमेहातील बधिरता सहसा पायांपासून आणि दोन्ही बाजूंना सारखी सुरू होते. कंपनाशी संबंध नसलेला रेनोचा विकार बहुधा तरुणपणी सुरू होतो, तो स्त्रियांत अधिक आढळतो आणि त्यात पायांची बोटेही पांढरी पडू शकतात. कंपनाची इजा हत्यार धरण्याच्या पद्धतीप्रमाणे एका हाताला अधिक असू शकते. म्हणून कोणते हत्यार, कोणत्या हातात, रोज किती वेळ आणि किती वर्षे, ही माहिती तपासणीइतकीच महत्त्वाची असते.

## मोजणीच्या मर्यादा

संपर्क गुण हे धोक्याचे माप आहे, निदान नव्हे. १०० गुणांखाली कोणालाच त्रास होणार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. आयएसओ ५३४९ मधील अंदाजानुसार दैनिक कंपन ३.७ असलेल्या गटातील दहा टक्के कामगारांची बोटे सुमारे आठ वर्षांत पांढरी पडू लागतात. वरील उदाहरणातील सुधारणेनंतरचे २१६ गुण जवळजवळ याच पातळीचे आहेत. मूळच्या ४२८ गुणांना, म्हणजे सुमारे ५.२ या दैनिक किमतीला, त्याच सूत्राने सुमारे साडेपाच वर्षे येतात.

हा अंदाज गटासाठी आहे. त्यातून एखाद्या व्यक्तीचे भविष्य सांगता येत नाही. शिवाय तो केवळ पांढऱ्या बोटांचा आहे, बधिरतेचा नाही. मोजणीच्या पद्धतीत संथ कंपनांना अधिक वजन दिलेले असल्याने अतिशय वेगाने फिरणाऱ्या लहान ग्राइंडरांचा धोका तिच्यात कमी दिसण्याची शक्यता असते. हत्याराच्या माहितीपत्रकातील कंपनाचा आकडाही नव्या हत्याराचा व प्रयोगशाळेतला असतो, तर फौंड्रीतील झिजलेल्या हत्याराचे कंपन त्याहून बरेच अधिक असू शकते. त्यामुळे गुणांची बेरीज कमी आली तरी रात्री हात बधिर होण्याची तक्रार करणाऱ्या कामगाराची तपासणी टाळता येत नाही.